नऊ रेघा, आठ पोर्ट

महिन्याची २० तारीख होती. जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस, आणि पुण्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात दुपारी बाराच्या सुमारास एकवीसपैकी दहा कॉम्प्युटरांचं नेट गेलं. उरलेले अकरा व्यवस्थित चालू होते. मी पोचलो तेव्हा मॅडम फोनवर कुठल्यातरी अशिलाची समजूत घालत होत्या आणि आर्टिकलशिप करणारी मुलं चालू कॉम्प्युटरांभोवती नंबर लावून उभी होती.

मी सवयीनं पॅसेजमधल्या रॅककडे वळलो. राउटर बंद-चालू केला, मोठ्या स्विचचे दिवे पाहिले, इंटरनेटच्या दोन्ही लाइनी तपासल्या. सगळं ठीक. जवळजवळ दोन तासांनी मुलांच्या टेबलाखाली, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यामागे, एक छोटासा स्विच सापडला. त्याचा अॅडाप्टर जळला होता. मोबाइलच्या चार्जरएवढी ती वस्तू बदलली आणि दहाच्या दहा कॉम्प्युटर जागे झाले.

मी घाम पुसत असताना हेडक्लार्क काका म्हणाले, “अहो, पण नेटवर्कचं चित्र आहे की आमच्याकडे. आधीच्या मुलानं काढून ठेवलंय.”

“मग मघाशी का नाही दाखवलंत?”

“तुम्ही मागितलं नाहीत.”

संध्याकाळी त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या पानामागे निळ्या बॉलपेननं काढलेलं चित्र. वर एक ढग, म्हणजे इंटरनेट. त्याखाली चौकोन, चौकोनांतून निघणाऱ्या रेघा, प्रत्येकाशेजारी घाईघाईत लिहिलेली नावं. उजव्या खालच्या कोपऱ्यावर ट्यूबलाइटचा पांढरा झोत पडलेला, आणि वरच्या कोपऱ्यात, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात, वाय-फायचा पासवर्ड. तो फोटो एव्हाना किती जणांच्या फोनमध्ये गेला असेल कोण जाणे. पासवर्ड त्याच रात्री बदलायला सांगितला.

अशी चित्रं बहुतेक लहान ऑफिसांत असतात. कपाटाच्या दाराआड चिकटवलेली, नाहीतर पांढऱ्या फळ्यावर काढून पुसायच्या आधी फोटो घेतलेली. ती काढणारा नोकरी सोडून गेलेला असतो. चित्र नुसतं पाहून काही कळत नाही, कारण आपला डोळा ते एका नजरेत पाहतो आणि ‘हं, समजलं’ म्हणून मोकळा होतो. त्याची यादी करायला बसलं की मगच चित्र काय सांगतंय आणि काय लपवतंय ते दिसायला लागतं. या ऑफिसचं चित्र घेऊन मी तेच केलं.

पहिलं काम चांगला फोटो मिळवण्याचं. काकांना म्हटलं, कागद टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, अगदी वरून फोटो घ्या आणि चारही कोपरे आत येऊ द्या. एक फोटो खिडकीकडे तोंड करून, दुसरा पाठ करून, म्हणजे चकाकी दोन्ही फोटोंत एकाच जागी पडणार नाही. आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअॅप त्याचा आकार कमी करतं, आणि त्यात सगळ्यात आधी बळी जातात ती बारीक अक्षरं. तो फोटो मी मोठा करून छापून घेतला आणि लाल पेननं प्रत्येक चौकोनाला एक नंबर दिला.

यादी करताना मी एक पथ्य पाळतो. पहिल्या फेरीत जे दिसतंय तेवढंच उतरवायचं, जसं लिहिलंय तसंच, अक्कल न लावता. समजा चौकोनावर ‘मोठा’ एवढंच लिहिलं असेल, तर यादीतही ‘मोठा’ एवढंच येणार. तो २४ पोर्टचा स्विच असणार हे मला कळतं, पण ते माझं अनुमान आहे, चित्राचं म्हणणं नाही. म्हणून यादीत एक रकाना खास ठेवतो: ‘कशावरून?’ त्यात चारच उत्तरं चालतात. चित्रावरून, डोळ्यांनी पाहून, कुणी सांगितल्यावरून, किंवा अंदाजानं. पहिल्या फेरीनंतर हा रकाना ‘चित्र’ आणि ‘अंदाज’ यांनी भरलेला असतो. काम संपेपर्यंत त्यात ‘अंदाज’ एकही उरता कामा नये.

हस्ताक्षर वाचताना आपल्याकडे एक अडचण जास्तीची असते. लिहिणारा मुलगा अर्धे आकडे मराठीत काढतो आणि अर्धे इंग्रजीत, कधी एकाच ओळीत. घाईत काढलेला मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नवासारखा आणि मराठी पाच इंग्रजी चारासारखा. टेबलाखालच्या त्या स्विचवर एक आकडा होता, तो मराठी चार की इंग्रजी आठ? इथे बाजाराचं ज्ञान उपयोगी पडतं. असे साधे स्विच ५, ८, १६, २४ अशा पोर्टांचे मिळतात. चारचा कुणी सहसा विकत नाही, तेव्हा तो आठच. फायली ठेवायच्या नॅसच्या पत्त्याचं मात्र असं अनुमान काढता येईना. शेवटचा आकडा ४० होता की ५०, हे कागदावर ठरणं शक्यच नव्हतं. तिथे प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे गेलो.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. अकाउंट्स विभागाचा एकच चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं ‘पीसी ×९’. चित्रात ही एक खूण आणि एक रेघ आहे, पण प्रत्यक्षात ती नऊ यंत्रं, नऊ तारा आणि मोठ्या स्विचवरचे नऊ पोर्ट आहेत. यादीत नऊ ओळी घातल्याच पाहिजेत, नाहीतर पुढचं सगळं गणित चुकतं.

अशा रीतीनं चित्रातून ३३ ओळी निघाल्या. इंटरनेट कंपन्यांनी बसवलेले दोन पांढरे डबे, ज्यांना ओएनटी म्हणतात. एक राउटर. तीन स्विच: पॅसेजमधला मोठा, मुलांच्या टेबलाखालचा आठ पोर्टांचा, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या खोलीतला पाच पोर्टांचा. एक नॅस, एक टॅलीचा सर्व्हर, कॅमेऱ्यांचा एक रेकॉर्डर, दोन प्रिंटर, वाय-फायचा एक डबा आणि २१ कॉम्प्युटर.

आता तारांची यादी. ही वेगळी करायची, आणि लोक नेमका इथेच आळस करतात. प्रत्येक रेघेची एक ओळ: कुठून निघाली, कुठे पोचली. रेघांचं एक दुखणं असं की दोन रेघा एकमेकींना छेदतात तेव्हा त्या तिथे जोडलेल्या आहेत की एक दुसरीवरून नुसती गेली आहे, हे हातानं काढलेल्या चित्रात कळत नाही. म्हणून दोन्ही टोकांवरून मोजायचं. ज्या रेघेचं एकच टोक सापडतं तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

मोजताना टेबलाखालच्या स्विचपाशी अडलो. त्या चौकोनातून एक रेघ वर मोठ्या स्विचकडे जात होती, सात रेघा मुलांच्या सात कॉम्प्युटरांकडे आणि एक शेजारच्या खोलीतल्या स्विचकडे. एक, सात आणि एक. नऊ रेघा. पोर्ट आठ.

एका पोर्टात एकच तार बसते, त्यामुळे नऊ होणं शक्य नाही. म्हणजे आकडा मी चुकीचा वाचला असेल, किंवा एखादी रेघ दुसरीकडची असेल, किंवा चित्रात नसलेली कुठली तरी वस्तू मध्ये बसलेली असेल. चकाकी नसलेल्या फोटोत रेघा पुन्हा मोजल्या. नऊच. माझ्या मते पूर्ण कामातली ही सगळ्यात उपयोगाची तपासणी आहे, आणि तिला ऑफिसात जावंही लागत नाही. प्रत्येक स्विचचे पोर्ट आणि त्यातून निघणाऱ्या रेघा, दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. रेघा कमी असल्या तर ठीक, तेवढे पोर्ट मोकळे आहेत. जास्त असल्या तर चित्र खोटं बोलतंय.

रविवारी सकाळी ऑफिस उघडायला सांगितलं. सगळे कॉम्प्युटर चालू केले, आमचे मोबाइल वाय-फायवरून काढले आणि माझा लॅपटॉप मोठ्या स्विचला जोडून विंडोजच्या काळ्या खिडकीत हे दोन आदेश दिले:

```
for /L %i in (1,1,254) do @ping -n 1 -w 200 192.168.1.%i >nul
arp -a
```

पहिली ओळ नेटवर्कमधल्या १ ते २५४ या प्रत्येक पत्त्यावर एकदा हाक मारते. दुसरी ओळ कोणाकोणाचा पत्ता कळला त्याची यादी देते. काही यंत्रं हाकेला मुद्दाम ओ देत नाहीत, पण हाक पोचवण्यासाठी आधी ‘हा पत्ता कुणाचा?’ असं विचारावं लागतं आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यावंच लागतं. म्हणून ती दुसऱ्या यादीत पकडली जातात. शेवटी आलेल्या `255`सारख्या दोन-चार सामाईक ओळी वगळायच्या, त्या कुठल्या यंत्राच्या नसतात.

उरले २९ पत्ते. नॅसचा वाद तिथेच मिटला, तो ५० निघाला. माझ्या यादीशी ताळा घातला तर २८ जुळले. एक पत्ता जास्तीचा होता, तो दारातल्या हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनचा. चित्र काढून झाल्यावर कधीतरी ते बसवलेलं होतं. आणि माझ्या यादीतल्या ३३ पैकी पाच वस्तू स्कॅनमध्ये आल्याच नाहीत: दोन ओएनटी आणि तिन्ही स्विच. ओएनटी राउटरच्या पलीकडे असतात, इथून हाक तिथवर या मार्गानं जात नाही. स्विचचं कारण वेगळं आहे. दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या साध्या स्विचला स्वतःचा पत्ताच नसतो. तो पोस्टमनसारखा दुसऱ्यांची पत्रं पोचवतो, त्याच्या स्वतःच्या नावानं पत्र येत नाही. कितीही भारी सॉफ्टवेअर आणून नेटवर्क स्कॅन केलंत तरी तो यादीत दिसणार नाही. आणि २० तारखेला दहा जणांना घरी बसवणारा नेमका तोच होता.

म्हणून कॅलेंडरमागचं चित्र टाकाऊ समजू नये. स्कॅन सांगतो कोण हजर आहे, चित्र सांगतं कोण कोणाला धरून उभा आहे.

नवव्या रेघेचा शोध मात्र दोघांनीही लावला नाही. मी टेबलाखाली पालथा पडलो आणि आठ पोर्टांच्या स्विचमधली एकेक तार काढून बघायला लागलो. काका वर कॉम्प्युटरांकडे बघून ओरडत होते, “सोळा नंबर गेला… आला… सतरा गेला.” एक तार काढली आणि काका म्हणाले, “सतरा गेला, अठराही गेला.” एका तारेवर दोन कॉम्प्युटर. तारेचा माग काढत गेलो तर टेबलाच्या फळीला खालून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं डकवलेला आणखी एक पाच पोर्टांचा स्विच निघाला. चित्रात नाही, स्कॅनमध्ये नाही, ऑफिसात कुणाला माहीतही नाही. त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “सर, तो तात्पुरता होता.” किती दिवस? “तीन वर्षं झाली असतील.”

यादी आता ३५ ओळींची झाली.

यातला कुठला खांब पडला तर तंबू खाली येईल? मराठीत ‘एकखांबी तंबू’ म्हणतात तो आपल्याला शोधायचा आहे. त्याची सगळ्यात सोपी रीत अंगठ्याची. छापलेल्या चित्रात एका चौकोनावर अंगठा ठेवायचा, तो नाहीच असं समजायचं, आणि प्रत्येक कॉम्प्युटरपासून ढगापर्यंत बोट फिरवून बघायचं. ज्यांचा रस्ता अडला त्यांची संख्या त्या चौकोनापुढे लिहायची. मग अंगठा पुढच्या चौकोनावर.

त्याच्याही आधी एक बेरीज करून बघावी. मूळ चित्रात ढग धरून ३४ खुणा होत्या आणि रेघाही ३४ होत्या. फांद्या फुटत गेलेलं नुसतं झाड असतं, तर रेघा खुणांपेक्षा एकनं कमी, म्हणजे ३३ भरल्या असत्या. एक रेघ जास्त याचा अर्थ संपूर्ण चित्रात कुठेतरी एकच गोल आहे. तो वरच होता: ढगापासून पहिला ओएनटी, राउटर, दुसरा ओएनटी आणि परत ढग. या गोलातला एक ओएनटी गेला तर दुसऱ्या बाजूनं वाट आहे. बाकी अख्ख्या ऑफिसात कुणालाही दुसरी वाट नाही. हे एवढं अंगठा उचलायच्या आधीच कळलं.

अंगठ्याचा निकाल असा. मोठा स्विच: सगळे २१. टेबलाखालचा: मुलांचे सात आणि शेजारच्या खोलीतले तीन, मिळून दहा, शिवाय एक प्रिंटर. शेजारच्या खोलीतला: तीन आणि प्रिंटर. टेपनं चिकटवलेला: दोन. राउटरवर अंगठा ठेवला तर इंटरनेट सगळ्यांचं जातं, पण नॅस आणि टॅली अलीकडे असल्यानं आतलं काम चालू राहायला हवं. चित्र तसंच म्हणतं, आणि इथे चित्र अर्धवट खरं आहे. या ऑफिसात प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता वाटायचं कामही राउटरच करतो. तो बंद असताना जे चालू आहेत ते काही काळ चालतील, पण कुणी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की त्याला पत्ता मिळणार नाही. त्याला `169.254`नं सुरू होणारा स्वतःच ठरवलेला पत्ता येईल आणि नॅसही दिसेनासा होईल. ‘रीस्टार्ट करून बघा’ हा जगप्रसिद्ध सल्ला त्या दिवशी एकेकाला बाहेर काढत जाईल.

अशी नाती चित्रात रेघेनं दाखवलेली नसतात. टॅलीचंही तसंच. अनेक जणांनी वापरायचं लायसन्स एका मशीनवर असतं आणि बाकीची मशीनं ते तिथून घेतात. ते मशीन बंद असलं की तारा सगळ्या शाबूत असूनही बाकीच्यांच्या पडद्यावर `Educational Mode` येतो आणि नेहमीचं काम अडतं. म्हणून यादीत आणखी एक रकाना घातला: ‘याच्याशिवाय हे चालत नाही.’ तो भरायला मी काकांनाच शेजारी बसवलं. त्यात एक ओळ अशी निघाली की राउटरचा पासवर्ड एका फाइलमध्ये आहे आणि ती फाइल नॅसवर आहे. मोठा स्विच बिघडला तर दुरुस्तीला लागणारी किल्ली बिघाडाच्या पलीकडे कुलूपबंद. हसायला येतं, पण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप साधारण सहा तास बंद पडले, तेव्हा त्यांच्या अभियंत्यांची दुरुस्तीची आतली साधनंही त्याच बिघाडात अडकली होती. आमच्याकडे उपाय सोपा होता. पासवर्ड लिहून पाकीट बंद केलं आणि मॅडमच्या कपाटात ठेवलं.

चित्रात पूर्णपणे गैरहजर असलेली गोष्ट म्हणजे वीज. छापलेल्या चित्राची दुसरी प्रत घेतली आणि लाल पेन्सिलीनं फक्त विजेच्या रेघा काढल्या: कोण कुठल्या सॉकेटात, ते सॉकेट कुठल्या यूपीएसवर. दहा मिनिटांत दोन शोध लागले. इंटरनेटच्या दोन लाइनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, मॅडमना त्याचा अभिमान होता आणि दर महिन्याला त्या दोघांचं बिलही भरत होत्या. पण दोन्ही ओएनटी, राउटर आणि मोठा स्विच, चौघेही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात होते. त्या बोर्डाचं लाल बटण झाडूचा धक्का लागून दाबलं गेलं की दोन कंपन्या आणि एक यूपीएस यांचा काही उपयोग नाही. अंगठ्याच्या भाषेत सांगायचं तर हा बोर्ड २१ जणांचा खांब होता आणि तो यादीतच नव्हता. दुसरा शोध टेबलाखाली. मुलांच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आपापला छोटा यूपीएस होता, पण त्यांना जोडणारा स्विच थेट भिंतीच्या सॉकेटात. वीज गेली की सगळे पडदे चालू, रॅक चालू आणि मधला पूल अंधारात.

त्या एकुलत्या एक गोलाचीही परीक्षा घ्यायची होती. आधीच्या मुलानं ती घेतली होती म्हणे: पहिल्या ओएनटीपासून राउटरकडे येणारी तार काढली, काही सेकंदांत नेट दुसऱ्या लाइनीवर गेलं, सगळे खूश. मी वेगळं केलं. ती तार तशीच ठेवली आणि ओएनटीत बाहेरून येणारी पिवळी फायबर काढली. (फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नये, त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला घातक ठरू शकतो.) ओएनटीवर `LOS` असा लाल दिवा लागला आणि इंटरनेट गेलं. पाच मिनिटं थांबलो, गेलेलंच. कारण राउटर फक्त एवढंच बघत होता की माझ्या पोर्टात लावलेली तार जिवंत आहे का. ओएनटी चालू होता, म्हणून तार जिवंत होती. तिच्या पलीकडे काही उरलेलं नाही, हे राउटरला कळायला मार्गच नव्हता. खऱ्या आयुष्यात ऑफिसातली तार सहसा तुटत नाही. रस्ता खणताना फायबर तुटते. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर ठरावीक वेळानं हाक मारून बघायची सोय होती. ती चालू केली आणि पुन्हा फायबर काढली, तेव्हा मिनिटाभरात लाइन बदलली.

मग गच्चीवर गेलो. दोन्ही कंपन्यांच्या फायबर एकाच पीव्हीसी पाइपातून खाली येत होत्या, आणि गच्चीपर्यंत दोघीही समोरच्या एकाच खांबावरून. कागदावरचा गोल तिथे एका खांबाला टेकला होता. त्यावर तिसरी फायबर घेऊन उपयोग नाही, वाट वेगळी हवी. राउटरला यूएसबीत मोबाइल नेटचं डोंगल चालत होतं, ते लावायचं ठरलं. वेग कमी मिळेल, पण २० तारखेला विवरणपत्रं जातील.

एव्हाना खांबांची यादी इतकी लांबली होती की मॅडमनी हात टेकले. “म्हणजे सगळंच दोन-दोन घ्यायचं का?” नाही. झाडासारख्या नेटवर्कमध्ये प्रत्येक फांदी हा खांबच असतो, त्यामुळे नुसती यादी करून काही ठरत नाही. प्रत्येक खांबापुढे मी दोन आकडे लिहितो: किती जण बसून राहतील, आणि पुन्हा सुरू व्हायला किती तास लागतील. यांचा गुणाकार मोठा असेल तिथेच खर्च करायचा. मोठा स्विच २१ जणांचा आणि रविवारी बिघडला तर दुकान उघडेपर्यंतचा वेळ, म्हणून तसाच एक साधा स्विच कपाटात आणून ठेवला. जिवंत जोडलेला नको, नुसता शेजारी असला तरी चार तासांची वीस मिनिटं होतात, पण तारांना नंबरांच्या चिठ्ठ्या असतील तरच. हजेरीचं मशीन बंद पडलं तर एक दिवस वहीत सही करता येते. त्यापुढे शून्य.

टेबलाखालची व्यवस्था मात्र मुळातून बदलली. आठ पोर्टांचा आणि चिकटवलेला असे दोन्ही स्विच काढून तिथे १६ पोर्टांचा एक बसवला आणि त्याची वीज यूपीएसवरून घेतली. मोठ्या स्विचवर पाच पोर्ट मोकळे होते, त्यातल्या एकातून शेजारच्या खोलीला थेट तार नेली. अंतर पंचवीसेक मीटर, आणि ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. आता टेबलाखालच्या स्विचवर अंगठा ठेवला तर दहाऐवजी सात जण अडकतात. काढलेला आठाचा स्विच कपाटात गेला. त्याच्या अॅडाप्टरवर किती व्होल्टचा, किती अॅम्पिअरचा हे चिठ्ठीवर लिहून चिकटवलं, कारण या डब्यांची पिन सारखी दिसते पण एक ५ व्होल्टवर चालतो, दुसरा ९ वर, तिसरा १२ वर. घाईत दुसऱ्याचा खुपसला की सुटा स्विचही जळतो.

नवी तार टाकताना काकांनी सुचवलं, “शेजारच्या खोलीची जुनी तारही राहू द्या की लावलेली. एक गेली तर दुसरी.” कागदावर हे अगदी बरोबर दिसतं, गोल तयार होतो. पण साध्या स्विचांना गोल समजत नाही. सगळ्यांसाठी म्हणून पाठवलेला एक संदेश त्या गोलात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या आणखी प्रती निघतात आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क त्या गलक्यात गुदमरतं. ओळखायची खूण म्हणजे स्विचचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकायला लागतात. यावर रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये उपाय शोधला. त्यात स्विच आपसांत बोलून एक तार झोपवून ठेवतात आणि दुसरी तुटली तरच तिला उठवतात. पण ते जाणणारे स्विच महाग असतात. आमच्या रॅकमधले ते नव्हते, म्हणून जुनी तार दोन्ही टोकांनी काढून गुंडाळून ठेवली.

नवं चित्र मी कॉम्प्युटरवर काढून छापलं आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवलं. खाली तारीख, प्रत्येक रेघेवर तारेचा नंबर, पासवर्ड कुठेही नाही. शेजारी एक पेन्सिल दोऱ्यानं बांधून ठेवली आणि काकांना बजावलं की काहीही नवं लावलं तर आधी इथे रेघ मारायची.

दोन महिन्यांनी प्रिंटरच्या कामाला गेलो तेव्हा दार उघडून पाहिलं. मोठ्या स्विचच्या बाविसाव्या पोर्टापासून पेन्सिलीची एक नवी रेघ निघाली होती आणि कागदाच्या कडेपर्यंत जाऊन थांबली होती. टोकाला चौकोन नव्हता, नाव नव्हतं. काकांना विचारलं. ते म्हणाले, “ती तात्पुरती आहे.”

मी बॅग खाली ठेवली आणि तार कुठे जाते ते बघायला टेबलाखाली शिरलो.